बराबर बारा ओळी

नव्वदच्या दशकात मी जालन्यातून एका दैनिकाला बातम्या पाठवायचो. दोन्ही बाजूंना सारखी जागा, हा माझा नेम. कागदावर ओळी मोजायचो आणि या मोजणीचा मला भारी तोरा होता. तेव्हा ते इमान वाटायचं. आज त्याची लाज वाटते.

अंबडकडच्या एका गावात शेळ्या मेल्या. सरकारी दवाखान्यातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी पोट फाडून पाहिलं, तर आत गुलाबी ज्वारी. एमआयडीसीतल्या बियाणे कारखान्याचं औषध लावलेलं, मुदत संपलेलं बियाणं कुणीतरी चारा म्हणून स्वस्तात विकलं होतं. हे विष आहे, जनावरांना घालू नका, असं डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं. कारखान्याचा अधिकारी मात्र चहा पाजत म्हणाला, की तो नुसता रंग आहे, धुतलं की काही होत नाही. त्याच्यापाशी ना तपासणी, ना कागद.

माझ्यापाशी मात्र कागद होता. गावात सापडलेल्या त्या बियाण्याच्या गोणीवरची चिठ्ठी मी उचलून आणली होती. त्याच कारखान्याची, कवटीचं चित्र असलेली. ती बातमीत घेतली तर डॉक्टरांच्या ओळी पंधरा होत होत्या. मी ती गाळली. बारा ओळी डॉक्टरांच्या, बारा अधिकाऱ्याच्या, आणि वर मथळा, ‘गुलाबी ज्वारीवरून मतभेद’. संपादकांनी शाबासकी दिली.

आठवड्याने गावातला एक मेंढपाळ माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. वयस्कर माणूस, हातात माझ्या बातमीची घडी. त्याच्या घरी तसलीच एक गोणी होती, चिठ्ठी काढून टाकलेली. शेळ्या मेल्यापासून त्याने तिला हात लावला नव्हता. बातमी वाचली, दाणे तीन पाण्यांनी धुतले आणि मेंढ्यांपुढे टाकले. कळपातली एकही मेंढी उरली नव्हती.

तो भांडला असता तर बरं झालं असतं.

“साहेब, तुमी दोघायचं बराबर छापलं,” तो म्हणाला. “मंग म्या म्हनलं, दोघंबी बराबर असतेन.”

आमच्याकडे बराबर म्हणजे सारखं, आणि बराबर म्हणजे खरंही. मी सारखं छापलं, त्याने खरं वाचलं. चूक त्याची नव्हतीच. खऱ्याला आणि थापेला एका मापात तोलणारा मी शहाणा.

चूक सुधारतो, असं काहीतरी पुटपुटत मी पुरावा म्हणून खणातून ती चिठ्ठी काढली. तो चौथी शिकलेला. त्याने अक्षरांवर बोट ठेवत वाचलं, ‘विषारी. खाण्यासाठी किंवा चाऱ्यासाठी वापरू नये.’ मग चिठ्ठी नीट घडी करून माझ्यापुढे ठेवली.

“हे तुमच्यापाशी आधीच व्हतं?”

मी हो म्हणालो.