ड्राफ्ट हरवला म्हणायचं कसं

साठ सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा मालवणला बँकेत कारकून होतो, ड्राफ्टच्या टेबलावर. डोकं तापायला मला फारसं काही लागत नसे.

श्रावणात एक मच्छीमार ड्राफ्ट रद्द करायला आला. आधल्या आठवड्यात मीच तो लिहून दिला होता, मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या नावे, जाळ्याच्या नायलॉन दोऱ्यासाठी. आता तोच दोरा इथल्या बाजारात आला होता. नारळी पौर्णिमेला होड्या सुटणार. त्याआधी जाळं विणून झालं नाही, तर यंदा दुसऱ्याच्या होडीवर मजुरीने जावं लागणार होतं. साठवलेलं सगळं त्या ड्राफ्टात होतं.

"ड्राफ्ट द्या, मागे सही करा, पैसे घेऊन जा," मी म्हटलं. "ड्राफ्ट काढायचं हशील तेवढं परत मिळणार नाही."

"ड्राफ्ट गावणा नाय," तो म्हणाला. व्यापाऱ्याला पत्र लिहून देणारे मास्तर गावाला गेले होते, म्हणून त्याने तो घरीच ठेवला होता.

"मग रद्द कसला करता?" मी म्हटलं. आमच्या वहीत ते पैसे मुंबई शाखेच्या खात्यात जमा पडले होते, आणि अमुक नंबरचा ड्राफ्ट येईल तेव्हा पैसे द्या, अशी सूचना तिकडे गेली होती. कागद कुणी तिकडे हजर केला असेल तर? मी त्याच्याकडून अर्ज घेतला आणि मुंबईला लिहिलं: हा ड्राफ्ट वटला आहे का? नसल्यास तशी नोंद करा, कुणी आणला तर पैसे देऊ नका. उत्तर यायला आठ दिवस लागले. वटलेला नव्हता. दरम्यान त्याने हमीपत्रासाठी स्टॅम्पपेपर आणला आणि एका तांदळाच्या व्यापाऱ्याची जामीन म्हणून सही मिळवली. राहिली त्याची स्वतःची सही.

तो सही करायला आला त्या दिवशी त्याची बायकोही बरोबर होती. ती दाराजवळच्या बाकावर बसली. हमीपत्र इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगत गेलो: ड्राफ्ट हरवला आहे, पुढे सापडला तर बँकेला परत करीन, कुणी पैसे मागत आला तर नुकसान मी आणि जामीनदार भरून देऊ. त्याने टाक खाली ठेवला.

"सायबानू, हरवलो म्हणान सही करूक जमाचा नाय. मी देवाक कौल लावलंय. देव म्हणता, ड्राफ्ट घरातच आसा."

आमच्याकडे देवाच्या पाषाणाला तांदूळ लावून प्रश्न विचारतात. उजव्या बाजूचा दाणा पडला की होय. त्याला उजवा पडला होता.

माझं टाळकं सटकलं. "मग देवाकडूनच घ्या पैसे," मी म्हटलं. "पौर्णिमेला दिवस किती राहिले? घरात आहे तर आणा ना!"

"सगळा घर हुडकलंय," तो शांतपणे म्हणाला. "पण देवाक खोटो पाडून मी दर्यात कसो जाव?"

तेवढ्यात बाकावरून आवाज आला.

"देवाचा खरा आसा. घरातच आसा तो. चुलीत."

ती उठून उभी राहिली होती. ओल लागू नये म्हणून त्याने ड्राफ्ट वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवला होता. पावसात लाकडं पेटेनात, म्हणून तिने ते वर्तमानपत्र चुलीत घातलं. आत काय होतं ते त्याने शोधायला सुरुवात केली तेव्हा तिला कळलं.

"माका सांगूचो धीर नाय झालो," ती म्हणाली.

आता हा माणूस भडकणार, असं मला वाटलं. मी भडकलो असतो. तो तिच्याकडे वळला.

"म्हणान आठ दिस तू धड जेवूक नाय?"

तिने होकाराची मान हलवली. मला माझ्या मघाच्या बोलण्याची लाज वाटली.

बँकेच्या लेखी हरवलेला आणि जळालेला सारखाच. कागद हाती नाही, म्हणजे हमीपत्र हवंच. पण मी मॅनेजरांकडे गेलो आणि 'हरवला' खोडून तिथे 'जळून नष्ट झाला' असं लिहायची परवानगी घेतली. अर्जातही तेच केलं. त्याने दोन्हीकडे सही केली. मी मूळ नोंदीपुढे 'रद्द' लिहिलं, मुंबईच्या खात्यात तेवढी रक्कम नावे टाकली, आणि तिकडची नोंदही काढून टाकावी म्हणून पत्र तयार केलं.

खजिनदाराने नोटा दिल्या. मच्छीमाराने त्या मोजल्या नाहीत, बायकोपुढे धरल्या.

"माका नको," ती म्हणाली.

"घे गो," तो म्हणाला. "बाजारात जायपर्यंत तूच धर."

तिने पदराला हात पुसले आणि नोटा घेतल्या.