मामाची पळी

मामाला त्याच्या चुकीमुळे भट्टीवरून काढलं, असं तुम्ही ऐकलं असेल. साफ खोटं आहे ते. मला माहीत आहे, कारण खोटं बोलणारा मीच.

मामा, म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ, तीस वर्षं वीटभट्टीच्या माथ्यावर कोळसा टाकायचा. पायाखाली आग आणि पायात लाकडी खडावा. जुन्या पद्धतीत दोघंजण झाकणं उघडून फावड्याने बदाबदा कोळसा ओतायचे आणि मग अर्धा तास बसायचे. ओतला की चिमणीतून डांबरासारखा धूर. आजूबाजूच्या बायका वाळत घातलेले कपडे काढत आम्हाला शिव्या घालायच्या, आणि बरोबरच होतं त्यांचं.

मग धुरावरून नोटीस आली आणि शेठने भट्टी झिगझॅग पद्धतीची करून घेतली. शिकवायला एक मास्तर आला. आता कच्च्या विटा खणाखणाने रचायच्या. एका खणात हवेला डावीकडे वाट ठेवायची, पुढच्यात उजवीकडे. हवा नागमोडी फिरते, कोळशात नीट मिसळते, आणि जे शंभर टोपल्यांत भाजायचं ते ऐंशीत भाजतं. पण कोळसा बारीक फोडलेला हवा, आणि एकाच माणसाने पळीपळीने, न थांबता टाकायचा. झाकण लगेच बंद.

तीस वर्षांचा फावड्याचा हात पळीवर आणायचा म्हणजे खायचं काम नाही. मामा महिनाभर स्वतःवरच चिडत होता. पण शिकला. धूर असा विरळ झाला, की चिमणी पेटलीय की नाही ते मान वर करून बघावं लागे. मास्तर सगळ्यांसमोर म्हणाला, "हात असावा तर असा." त्या दिवशी मामी खास माथ्यावर चढून बघायला आली होती.

मला रचाईवर मामानेच लावलं. "माझा भाचा आहे, वाट चुकवणार नाही," असं शेठला सांगून.

मागणी वाढली तसा शेठ माझ्याकडे आला. "त्या वळणाच्या जागा मोकळ्याच असतात. प्रत्येक खणात दोन-दोनशे विटा बसव." मी म्हटलं, हवा अडेल. तो म्हणाला, "तुला मास्तर म्हणून ठेवलंय का?" मी बसवल्या. पोटापुढे कुणाचं चालतं, असं मनाशी म्हणालो. आजही तेच म्हणतो, निर्लज्ज आहे मी.

भट्टीत आग खणाखणाने पुढे सरकते, पण ती त्या खणांपर्यंत पोचायच्या आधीच हवा गुदमरली. मामाने झाकण उघडलं तर ज्वाळा आत ओढली जाण्याऐवजी बाहेर आली, त्याच्या भुवया जळाल्या. चिमणी पुन्हा काळा धूर ओकू लागली. मामाने पळी आणखी हलकी केली, तरी धूर काळाच.

चौथ्या दिवशी तपासणीचे साहेब आले. म्हणाले, कारण सांगा, नाहीतर भट्टीला सील. शेठने क्षणही घेतला नाही. "जुना माणूस आहे, साहेब. फावड्याची सवय जात नाही."

"हवाच ओढत नाहीये," मामा म्हणाला. "रचाई बघा."

साहेब माझ्याकडे वळले. रचलेले खण मातीने लिंपून बंद झालेले, आत कोण बघणार? मामाही माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत संशय नव्हता, मी खरं बोलेन याची खात्री होती.

मी म्हणालो, "रचाई बरोबर आहे."

मामाला तिथल्या तिथे खडावा उतरवायला लावल्या. भट्टीवरची खोलीही गेली, आता तो आणि मामी आमच्या पडवीत राहतात. शेठने मला गुपचूप सांगितलं, नवीन खण नीट रच. घट्ट खण मागे पडले तसा आठवड्याभरात धूर निवळला, आणि सगळे म्हणाले, बघा, म्हातारा गेला आणि चिमणी सुधारली.

ते मामाच्याही कानावर गेलं. आधी तो भांडायचा, "हवा ओढत नव्हती रे." निवळलेला धूर स्वतः जाऊन बघून आला, आणि त्यानंतर भांडला नाही.

काल घरी आलो तर तो अंगणात उकिडवा बसला होता. जमिनीत वीतभर भोक पाडलेलं, शेजारी वाळूचा ढीग, हातात मामीची आमटीची पळी. एक पळी वाळू, वर कौलाचा तुकडा. पुन्हा तुकडा बाजूला, एक पळी, पुन्हा तुकडा. मामी दारातून म्हणाली, "सकाळपासून हेच चाललंय. म्हणतो, हात सुधारला की शेठला जाऊन भेटेन."

मामाने मला जवळ बोलावलं. "तू रोज बघतोस तिथे. खरं सांग, जास्त पडतंय का?"

पळी हलकी होती. त्या भट्टीवर इतकी हलकी पळी कुणाचीच नाही.

"थोडं जास्त पडतंय, मामा," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली आणि पळीतली अर्धी वाळू परत ढिगावर टाकली.