अर्ध्या निरोपांच्या आक्का

नाटक कंपनीत इतकी वर्षं काढूनही आक्कांना एकाही प्रेक्षकाने कधी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती त्यांची नामुष्की ठरली असती. आक्का प्रॉम्प्टर होत्या. विंगेतल्या काळ्या पडद्याआड, मांडीवर संहिता आणि हातात छोटी बॅटरी घेऊन बसायचं, आणि नट अडला की पुढचा शब्द त्याच्या कानाशी नेऊन ठेवायचा. तोही असा की त्याला वाटावं, आपल्यालाच आठवला. एकदा भर दरबारात राजेसाहेबांनी तलवार उपसली, डोळे वटारले, आणि कुणाला कैद करायचं तेच विसरले. सगळा दरबार थरथरत उभा, कारण नंबर कुणाचा लागेल ते कुणालाच माहीत नव्हतं. आक्कांनी "सेनापती" एवढंच पुटपुटून त्या सेनापतीची वाट लावली. त्या रात्री सेनापती त्यांना म्हणाला, "आक्का, थोडं थांबला असतात तर मी सुटलो असतो."

कंपनी बंद झाली, गुडघे बोलू लागले आणि कान मात्र ऐकेनासे झाले. घरी बसून भिंतींना प्रॉम्प्टिंग करण्यापेक्षा बरं, म्हणून आक्का एका मदतवाहिनीत जाऊ लागल्या. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी काही मंडळींनी विनामोबदला चालवलेली ही वाहिनी. छापखान्याच्या वर दोन खोल्या. खाली यंत्र सुरू झालं की वरचे कप बशीत नाचू लागत. फोन घेणं आक्कांना जमेना, कारण कानातलं यंत्र रिसीव्हरशी भांडून शिट्ट्या मारी. मग सिस्टरनी, म्हणजे वाहिनी सांभाळणाऱ्या निवृत्त परिचारिकेने, त्यांना निरोपांच्या संगणकासमोर बसवलं.

"इथे ऐकायचं काही नाही," सिस्टर म्हणाल्या. "पण समजून घ्यायचं फार आहे."

खरंच होतं. येणाऱ्या निरोपांतले निम्मेअधिक अर्धेच असत. "उद्या सकाळी मला." "पाणी." "कुणी आहे का पण." कुणाचा अंगठा घसरून निरोप आधीच सुटलेला, कुणाला चष्मा सापडलेला नाही, आणि कुणाचा धीर मधल्यामध्ये संपलेला. उत्तर देणारे स्वयंसेवकही तऱ्हेतऱ्हेचे. एक जण एका दमात पाच प्रश्न विचारी. पाळी बदलली की दुसरा तेच पाच पुन्हा. समोरचं माणूस कंटाळून गप्प होई.

"आपल्याला छोट्या प्रश्नांचा एक साठा हवाय," सिस्टर म्हणाल्या. "एक बटण दाबलं की प्रश्न तयार. कुणीही बसलं तरी तोच. आक्का, तुम्ही लिहा. अडलेल्या माणसाला पुढे ढकलण्यात तुमची हयात गेली."

आक्का खुलल्या. आणि त्यांच्या मनात लगेच एक नंबर आला. रोज दुपारी चहाच्या सुमाराला त्या नंबरावरून एकच शब्द येई, "मी." बस्स. पुढे काही नाही. फोन केला तर उचलला जाई, श्वास ऐकू येई आणि बंद होई. नोंदवहीत तो नंबर नव्हता. काही जणांचं मत पडलं की कुणीतरी टवाळ आहे. येत्या महिनाअखेरच्या बैठकीत असे नंबर बंद करायचे असं ठरलं होतं. सिस्टर काही दुष्ट नव्हत्या. माणसं मोजकी, निरोप ढीगभर, आणि एका 'मी'पायी दुसऱ्या कुणाचं 'पाणी' मागे राहात होतं. पण आक्कांचा जीव त्या नंबरात अडकला. 'मी' म्हणून थांबलेलं माणूस त्यांनी आयुष्यात कधी तसंच सोडलं नव्हतं.

पहिला मसुदा त्यांनी झोकात लिहिला. "आपला निरोप पोहोचला. कृपया आपली अडचण नाव व पत्त्यासह सविस्तर कळवावी, ही विनंती."

सिस्टरनी वाचला आणि चष्मा काढला. "ज्याला दोन शब्द लिहिताना घाम फुटतो, त्याच्याकडून तुम्ही निबंध मागताय."

मग आक्कांनी कात्री चालवली, आणि इथेच त्यांचा जुना हात आडवा आला. समोर अर्धं वाक्य दिसलं की उरलेलं त्यांना आपोआप दिसायचं. "पाणी" आलं की त्या विचारत, "नळाला पाणी येत नाही ना?" "उद्या सकाळी" आलं की, "दवाखान्यात जायचंय ना?" उत्तरं भराभर येऊ लागली. हो, हो, हो. आक्का खूश.

एके दिवशी वाहिनीचे ड्रायव्हरकाका जिना चढून आले. घरोघरी जायचं काम त्यांचं. हाश्शहुश्श करत बसले आणि म्हणाले, "आक्का, ते काल 'औषधाच्या दुकानात' असं लिहिणारे आजोबा आठवतात?"

"आठवतात की. मी विचारलं, औषध आणून देऊ का, तर हो म्हणाले."

"म्हणाले खरे. मी नेऊन दिलं. त्यांनी ते कपाटात ठेवलं. कपाटात त्याच औषधाची थप्पी."

"मग नको होतं तर हो का म्हणाले?"

"तेच विचारलं. म्हणे, बाई इतक्या प्रेमाने विचारत होत्या, नाही कसं म्हणू? त्यांची छत्री राहिली होती दुकानात. ती आणायची होती. आणली शेवटी. माझी एक फेरी फुकट, तुमचं मात्र कौतुक."

आक्कांनी कपाळाला हात लावला. त्यांना एकदम उमगलं की विंगेत असताना त्यांच्या मांडीवर संहिता असायची. इथे संहिता एकट्या समोरच्या माणसाकडे, आणि आपण संहितेशिवायच वाक्यं पुरवत सुटलोय. बिचारी माणसं भिडेखातर तीच म्हणून दाखवताहेत.

सगळे 'ना' त्यांनी खोडले. साठा पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतला. एका वेळी एकच प्रश्न. त्यात माणसाचे स्वतःचे शब्द, आपले नाहीत: "तुम्ही 'पाणी' लिहिलंत. पाण्याचं काय झालं?" स्वयंसेवकाने मधली जागा निरोपातल्या शब्दाने भरायची. 'असं का केलंत' हा प्रश्न बाद, कारण त्यात दटावणी ऐकू येते. आणि 'हे हवंय की ते' हाही बाद, कारण म्हातारी माणसं त्यालाही 'हो' असंच उत्तर देतात. ड्रायव्हरकाकांवर तो करून पाहिला.

"काका, चहा की कॉफी?"

"हो," काका म्हणाले.

सगळ्यांच्या आधी मात्र सिस्टरच्या आग्रहाने एक प्रश्न बसला: "आत्ता लगेच कुणी यायला हवंय का?" बाकी सगळं त्यानंतर.

नवे प्रश्न कामाला लागले. उत्तरं आता हो-हो अशी येत नसत, वेडीवाकडी येत, पण खरी येत. फक्त तो एक नंबर अडून बसला. "मी" आलं. आक्कांनी विचारलं, "तुम्ही 'मी' लिहिलंत. पुढे काय सांगायचंय?" शांतता. दुसऱ्या दिवशी पुन्हा "मी". "काय मदत हवी?" शांतता. बैठक उद्यावर आली.

"सिस्टर, मला काही सुचत नाही," आक्का म्हणाल्या. "हे माणूस रोज येतं. टवाळखोर इतका नेमाने येत नाही. त्याला काम असतं दुसरं."

सिस्टर खिडकीशी उभ्या होत्या. त्या सावकाश म्हणाल्या, "वॉर्डात घशात नळी असलेले रुग्ण असायचे. त्यांना काय होतंय असं आम्ही विचारत नव्हतो. दुखत असेल तर एक बोट, नसेल तर दोन. एवढंच."

आक्का त्यांच्याकडे वळल्या. "म्हणजे याला सांगायचंय, पण शब्द निघत नाहीत?"

"शक्य आहे. विचारून बघा. ठरवू मात्र नका."

दुपारी "मी" आलं. आक्कांनी बोटं मोडली आणि लिहिलं: "लिहिणं अवघड जातंय का? हो असेल तर १, नसेल तर २ पाठवा."

खाली यंत्र थांबलेलं होतं. कप गप्प होते. पडद्यावर आलं: १.

"सिस्टर," आक्का हळूच म्हणाल्या, "इकडे या."

"बोलणं अवघड जातंय का?" १. "आत्ता लगेच कुणी यायला हवंय का?" २. सिस्टरनी मोठा श्वास सोडला. मग आक्कांनी विचारलं, "लिहिण्याऐवजी फोटो पाठवता येईल का?"

आक्का खुर्चीतून उठल्या, पुन्हा बसल्या. शेवटी फोटो आला, जरा तिरका. एक बादली, आणि तिच्यात उभ्या केलेल्या काठ्या. हातात धरायच्या, म्हाताऱ्यांच्या. गुळगुळीत घासलेल्या, खाली रबरी टोपण बसवलेल्या.

"काठी हवीय त्यांना," आक्का लगेच म्हणाल्या, आणि स्वतःच जीभ चावली. "नाही. मला काय माहीत."

लिहिलं: "या काठ्यांबद्दल. १ दुरुस्त करायच्या आहेत. २ विकायच्या आहेत. ३ कुणाला द्यायच्या आहेत. ४ यातलं काहीच नाही."

तीन आला. आणि पाठोपाठ, जणू उत्तर दिसलं नसेल म्हणून, पुन्हा तीन. पुन्हा तीन.

आक्का खुर्चीत मागे टेकल्या. इतके दिवस त्या विचारत होत्या, काय मदत हवी, काय मदत हवी. त्या माणसाला मदत नकोच होती. त्याला मदत करायची होती. "मी काठ्या देतो," एवढंच वाक्य होतं त्याचं, आणि पहिल्या शब्दापुढे ते सरकत नव्हतं. साठ्यातला एकही प्रश्न त्याच्यासाठी लिहिलेला नव्हता, कारण निरोप पाठवणारा प्रत्येक जण गरजूच, असं त्या सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं.

पत्ताही फोटोतूनच मिळाला; विचारल्यावर त्या माणसाने दारावरच्या पाटीचा फोटो पाठवला. ड्रायव्हरकाका संध्याकाळी जाऊन आले. सुतार होते ते. एक झटका आला, उजवा हात गेला आणि वाचाही गेली. लोकांचं बोलणं, लिहिलेलं, आकडे, सगळं कळतं, फक्त स्वतःचा शब्द पुढे निघत नाही. डाव्या हाताने काठ्या मात्र अशा करतात की काका म्हणाले, "मला गरज नाही, तरी एक मागावीशी वाटली. चहा पाजला. मी काय घेणार ते विचारताना एकदा चहाचा डबा दाखवला, एकदा कॉफीचा. आक्का, तुमच्यापेक्षा बरं विचारतात."

बैठकीत नंबर बंद करायचा विषय निघाला नाही. निघाला तो साठ्याचा. आक्कांनी अंकांचे प्रश्न आणि फोटोचा प्रश्न त्यात घातले होते, आणि प्रत्येक यादीच्या शेवटी 'यातलं काहीच नाही'. "काय मदत हवी?" हा प्रश्न त्यांनी खोडून त्या जागी लिहिलं होतं: "कशाबद्दल आहे?"

एक स्वयंसेवक म्हणाला, "फार कोरडं वाटतं हो, आक्का. जरा प्रेमाने?"

"प्रेमानेच आहे," आक्का म्हणाल्या. "प्रेम दाखवून विचारलं की लोक आपल्याला हवं ते सांगतात. असं विचारलं की त्यांना हवं ते सांगतात."

त्यावर थोडी कुजबुज झाली. मग सिस्टरनी साठा मंजूर झाल्याचं लिहून टाकलं आणि काठ्या कुणाकुणाला पोहोचवायच्या त्याची चर्चा सुरू झाली.