अर्ध्यावर सोडलेला ताळेबंद

माझ्या वर्गात बसलेली मुलं आता बँकांत, पेढ्यांत मोठ्या जागांवर आहेत. कधी भेटली की म्हणतात, "सर, रेशो शिकावे ते तुमच्याकडेच. फळ्यावर ताळेबंद मांडून तुम्ही गोष्ट सांगायचात." मी विषय बदलतो. त्यांना वाटतं, सरांना स्तुती सोसत नाही. तसं समजू देतो. बोलायची मला सवय नाही, आणि या बाबतीत न बोलण्याची तर फार जुनी सवय आहे. ती आज मोडतो आहे.

पन्नास सालानंतरची ती पहिली काही वर्षं. दिवसा मी एका हिशेब तपासनिसाच्या ऑफिसात नोकरी करी आणि संध्याकाळी अंधेरीतल्या एका शाळेच्या खोलीत, सोमवारी आणि गुरुवारी, परीक्षेला बसणाऱ्या कारकुनांना हिशेबशास्त्र शिकवी. त्याखेरीज दोन-तीन छोट्या धंद्यांचे वर्षाचे ताळेबंद करून देई. त्यातला एक साकीनाक्याचा बिजागऱ्यांचा कारखाना. पत्र्याची शेड, पितळ ठोकणारे तीन प्रेस, आठ-नऊ कामगार. मालक मालवणकडचे, पूर्वी गिरणीत फिटर होते. मी त्यांना काका म्हणे, ते मला मास्तर. पितळेचा पत्रा तीन महिन्यांच्या उधारीवर आणायचा, बिजागऱ्या ठोकायच्या, दुकानदारांना दीड महिन्याच्या उधारीवर द्यायच्या, असा धंदा. माल तयार होऊन खपायलाच तीन महिने जात; पत्र्याचे पैसे द्यायची वेळ आणि वसुली यांच्या मधली ती फट काका केवळ आपल्या शब्दावर भरून काढत.

पुस्तकातल्या कंपन्यांनी वर्गाला झोप येई. दिवसभर ऑफिसात राबून आलेली मुलं. "क्ष कंपनीची चालू मालमत्ता एक लाख" म्हटलं की जांभया सुरू. म्हणून एका सोमवारी मी काकांचा ताळेबंद नेला. नाव काढून टाकलं, वर 'अबक कंपनी' लिहिलं. बाकी आकडे तसेच ठेवले. खरे आकडे ओबडधोबड असतात, त्यांनी मुलं जागी होतात, हे मला ठाऊक होतं. ज्याचा हिशेब आपण लिहितो त्याचा आकडा चार भिंतींबाहेर नेऊ नये, हेही मला ठाऊक होतं.

फळ्यावर मांडलं. यंत्रं आणि शेड चाळीस हजार. कच्चा, अर्धवट आणि तयार माल मिळून चोवीस हजार, येणं चौदा हजार, रोख आणि बँकेत दोन हजार. म्हणजे चालू मालमत्ता चाळीस हजार. समोर चालू देणी: व्यापाऱ्यांचे चोवीस हजार आणि बँकेचे, मागताक्षणी परत करायचे, आठ हजार. एकूण बत्तीस. व्यापाऱ्यांच्या चोवीसमध्ये एकट्या पितळवाल्याचे किती, ते मी वेगळं लिहिलं, कारण एकाच धनकोवर भिस्त असणं हाही एक धोका असतो, तो मला दाखवायचा होता. चौदा हजार आठशे सत्तर.

"करंट रेशो काढा. चालू मालमत्ता भागिले चालू देणी."

"सव्वा, सर."

"बरा की वाईट?"

"पुस्तकात दोन पाहिजे म्हणतात."

"पुस्तक राहू दे. आता माल बाजूला काढा. अर्धवट ठोकलेली बिजागरी उद्या सकाळी कोण घेणार? क्विक रेशो काढा."

चौदा अधिक दोन, सोळा; भागिले बत्तीस. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "वाट लागली! अर्धाच येतोय!"

"म्हणजे काय?"

"रुपयाच्या देण्यामागे आठ आणे, सर."

वर्ग हसला. असा जागा वर्ग मी त्याआधी पाहिला नव्हता. पुढच्या बाकावर एक मुलगा बसे, शांत, सुवाच्य अक्षराचा. फळ्यावरून तो सगळं उतरवून घेत होता. त्याने हात वर केला. "सर, पितळवाल्याने आपले चौदा हजार आठशे सत्तर उद्या मागितले तर?"

"रोख दोन हजार आहे. कुठून देणार ते तूच सांग," मी म्हटलं.

पुन्हा हशा. तास संपायला अजून वीस मिनिटं होती. कर्जाचा भार तपासायला आणि नफा-तोटा पत्रक मांडायला तेवढा वेळ पुरला असता. पण मी खडू ठेवला. म्हटलं, "ही कंपनी जगेल की मरेल? गुरुवारपर्यंत विचार करा." पायऱ्या उतरताना मुलं वाद घालत होती आणि मी मागून ऐकत होतो. त्या दिवसाइतका मी स्वतःवर खूश पुढे कधी झालो नाही.

गुरुवारी उरलेलं मांडलं. दीर्घ मुदतीचं कर्ज आठ हजार, मालकाचं भांडवल चाळीस हजार. सगळी बाहेरची देणी धरली तरी भांडवलाएवढीच, एकास एक. वर्षाची विक्री एक लाख वीस हजार. व्याज भरण्यापूर्वीचा नफा बारा हजार, व्याज एक हजार. म्हणजे व्याज बारा वेळा भरता येईल इतकी कमाई. माल वर्षातून चार वेळा फिरतो. मी वळून म्हटलं, "कर्जाने वाकलेला नाही, फक्त हातात रोकड कमी आहे. वेळ मिळाला तर हा माणूस प्रत्येकाची पै न् पै देईल. सगळ्यांनी एकाच दिवशी मागितलं तरच बुडेल. रोकड आणि ऐपत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लिहून घ्या."

सगळ्यांनी लिहून घेतलं. पुढच्या बाकावरच्या त्या मुलाने लिहिलं नाही.

तास सुटल्यावर तो थांबला. "सर, तो कारखाना साकीनाक्याचा ना?"

मी फळा पुसायला घेतला.

"मी त्याच पितळवाल्यांच्या पेढीवर आहे, सर. वर्षअखेरीच्या बाक्या मीच लिहितो. चौदा हजार आठशे सत्तर बघितलं आणि ओळखलं. मंगळवारी शेठना सांगितलं. म्हटलं, आपल्या पेढीचं नुकसान नको." त्याचा चेहरा उतरला होता. "शेठनी काल माल बंद केला. आज तुम्ही बाकीचं सांगितलंत. ते सोमवारी सांगितलं असतंत तर..."

"तुझी चूक नाही," मी म्हटलं. ते खरं होतं. पण 'चूक माझी' हे त्यापुढचं वाक्य मी गिळलं.

रविवारी काका माझ्या घरी आले. चहाला हात लावला नाही. "मास्तर, माका काय कळत नाय. वीस वर्षं त्या शेठकडसून पत्रा घेतंय. आता तो म्हणता, आधी सगळे पैसे मोज, मग माल. पत्रो नाय तर अर्धी बिजागरी पुरी कशी करू? आणि पुरी नाय झाली तर विकू काय? बँकेच्या कानावर गेला, तर तेपण पैसे मागतत."

मी त्यांना कागद करून दिला. सगळे रेशो, दोन्ही बाजूंचे. खाली लिहिलं: साडेचार महिन्यांत माल विकून पैसा हाती येतो, तेवढी मुदत दिल्यास सर्व देणी फिटतील. सोमवारच्या वर्गात जे राहिलं होतं ते सगळं त्या कागदावर होतं.

"ह्या तुमीच शेठक समजावून सांगा," ते म्हणाले. "माजा कोण ऐकता? तुमी शिकलेले, तुमचा ऐकतीत. चला माज्याबरोबर उद्या."

त्या पेढीच्या गल्ल्याशेजारी तो मुलगा बसला असणार, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं. तो मला पाहून 'सर' म्हणून उठून उभा राहील. काकांना एका शब्दात कळेल.

"उद्या मला जमायचं नाही, काका. परीक्षेचे पेपर आहेत."

पेपर नव्हते. काका कागद घडी करून घेऊन गेले. शेठने तो वाचला म्हणे, आणि म्हणाला, हिशेब झकास आहे, आता पैसे दाखवा.

मग आठवड्याभरात बँकेने आपले आठ हजार मागितले. इतर व्यापारी आले. मी फळ्यासमोर उभा राहून विद्वत्तेने जे म्हटलं होतं, सगळ्यांनी एकाच दिवशी मागितलं तरच, ते अक्षरशः घडलं. अर्धवट बिजागऱ्या पितळेच्या भंगारभावात गेल्या. प्रेस निम्म्याहून कमी किमतीत गेले. कामगार एकेक करून दुसरीकडे लागले.

काकांचा मेहुणा, काकींचा भाऊ, कारखान्याचा माल पोचवण्याचं काम करी, सगळ्या पेढ्यांवर त्याची ऊठबस. एकदा काका म्हणाले, "बाहेर कोणी बोलल्यान असात, मास्तर? मेव्हणो बोललो असात. तेच्या तोंडाक कुलूप नाय." मी म्हटलं, "बाजाराला कान असतात, काका." त्या उत्तराने मेहुणा सुटला नाही, मीही खोटं बोललो नाही. असं चोख वाक्य मला आयुष्यात पुन्हा सुचलं नाही. मेहुणा त्यानंतर त्यांच्या घरी गेला नाही. काकी राखीपौर्णिमेला दाराशी उभ्या राहत, असं शेजारच्यांकडून ऐकलं.

आजही संध्याकाळी शिकवताना कुणी क्विक रेशो काढून आनंदाने आकडा सांगितला की मला तो प्रेस ऐकू येतो, ठोका पडण्याआधी क्षणभर थांबतो तो. ठोका पडत नाही. मी वर्गात मध्येच गप्प होतो आणि मुलांना वाटतं, सर त्यांना विचार करायला वेळ देताहेत. त्यानंतर एकही ताळेबंद मी अर्ध्यावर सोडलेला नाही. घंटा झाली तरी मुलांना बसवून ठेवतो. त्याने कुणाचंच काही परत आलेलं नाही.

काकांचा शेवटचा हिशेब मीच केला. त्यांच्या घरी, जमिनीवर बसून. बँक, पितळवाला, बाकीचे व्यापारी, दीर्घ मुदतीचं कर्ज, सगळं फिटलं. चाळीस हजारांचं भांडवल होतं, त्यातलं काही उरलं नाही. म्हणजे माझं गुरुवारचं गणित बरोबर होतं. पै न् पै दिली त्या माणसाने. मी शेवटची रेघ मारली आणि वही त्यांच्याकडे सरकवली.

काकांनी चष्मा लावून बोट फिरवत वाचलं. मग उठले, कपाट उघडलं आणि पाकीट घेऊन आले.

"ह्यात एक नाव ऱ्हवलां," ते म्हणाले. "तुमचा. गेल्या वर्षाचो मेहनतानो देवचो होतो. कोणाचा बुडवूक नाय, तुमचा कित्याक बुडवू?"

मला सांगायचं होतं. तोंड उघडलंही. काकी आतून म्हणाल्या, "घेवा हो मास्तर, नाय तर ते जेवूचे नाय."

मी ते पाकीट घेतलं, आणि पावती लिहून दिली.