शेवटच्या वर्षाचा नफा

सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या हळदीच्या दुकानावर दोन माणसं बसायची. एक बोलायचा आणि एक बघायचा. बोलायचा तो मी. शेतकऱ्याला हसवायचं, खरेदीदाराला चहा पाजून भाव चढवायचा, गणपतीत नाटक बसवायचं आणि त्यातली राजाची भूमिका स्वतःकडे ठेवायची, ही सगळी खाती माझ्याकडे होती. बघायचा तो माझा भागीदार, रहिमतपूरचा. लिलावात तो पोत्यात हात घालून एक हळकुंड काढायचा, कानाजवळ धरून मोडायचा आणि आवाजावरून सांगायचा की माल नीट वाळलाय की नाही. त्याच्या त्या 'कट्' आवाजावर आमचं घर चाललं, त्याचंही चाललं.

वीस-बावीस वर्षं आम्ही निम्म्यानिम्म्यानं धंदा केला. भांडणं झाली ती फक्त पंख्याच्या वेगावरून.

दुकान सुरू केलं तेव्हा आमच्या सीएबाईंनी विचारलं होतं, शिल्लक मालाची किंमत कशी लावायची? आधी आलेला माल आधी विकला गेला असं धरायचं, की सगळ्या खरेदीची वजनानुसार सरासरी काढायची? मला त्यातलं काही कळलं नाही, म्हणून मी गंभीर चेहरा केला. तो म्हणाला, सरासरी. त्याचं कारण साधं होतं. आमच्या गोदामात दहा गावची पोती एकाच ढिगात ओतली जातात. मग निवडणं, पॉलिश, पुन्हा भरणं. त्या ढिगातलं कुठलं हळकुंड कुठल्या भावाचं, हे देवालाही सांगता येणार नाही. मध्ये एक-दोन वर्षं भाव पडले, तेव्हा हीच सरासरी आमच्या कामी आली. आधी घेतलेला महाग माल आधी विकला असं धरलं असतं, तर त्या वर्षांचा नफा आणखी खाली गेला असता. बँकेसमोर आमची मान ताठ राहिली. दोघांनी मिळून भेळ खाल्ली.

मग ते वर्ष आलं. हंगामात हळद सात हजार रुपये क्विंटलनं मिळत होती. कुणी उचलत नव्हतं. मी म्हणत होतो, थांबू. तो म्हणाला, घ्यायची. आमच्या ऐपतीच्या बाहेर, पाचशे क्विंटल घेतली त्यानं. मी चार दिवस तोंड फुगवून बसलो. तीन महिन्यांत भाव असा उडाला की यार्डात लोक एकमेकांना चिमटे काढू लागले. तेव्हा मला जोर आला आणि मी तेरा हजारांनी आणखी पाचशे क्विंटल घेतली. त्यानं नको म्हटलं होतं. मी ऐकलं नाही. वर्षभरात पाचशे क्विंटल चौदा हजारांनी विकली गेली आणि पाचशे शिल्लक राहिली.

त्याच वर्षी त्याचा उजवा हात कापायला लागला. आधी चहाची बशी वाजायची, मग सही वाकडी यायला लागली. एका सकाळी लिलावात त्याला हळकुंड मोडता आलं नाही. त्यानं ते परत पोत्यात टाकलं आणि भाव न बोलताच बाजूला झाला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते बरं होणारं नव्हतं. मार्चअखेर मी बाहेर पडतो, असं त्यानं मला दुकानाच्या पायरीवर सांगितलं.

आमच्या भागीदारीच्या करारात होतं, की जाणाऱ्याला एकतीस मार्चच्या ताळेबंदाप्रमाणे त्याचा वाटा मिळेल, शिल्लक मालाची बाजारभावानं वेगळी किंमत काढायची नाही. लिहिताना दोघांनाही हे फार सोयीचं वाटलं होतं.

फेब्रुवारीत बेदाण्याच्या एका व्यापाऱ्यानं त्याच्या डोक्यात घातलं, की तुम्ही आधी आलेला माल आधी गेला या पद्धतीनं हिशोब केलात तर तुमचा वाटा वाढेल. तो मला घेऊन सीएबाईंकडे गेला. बाईंनी समजावून सांगायला आकडे लहान केले. समजा सातनं शंभर क्विंटल घेतली, तेरानं शंभर, आणि शंभर चौदानं विकली. आधीचा माल आधी गेला असं धरलं, तर विकलेला माल सात लाखांचा, नफा सात लाख, आणि शिल्लक तेरा लाखांची. सरासरीनं भाव पडतो दहा हजार. विकलेला माल दहा लाखांचा, नफा चार लाख, शिल्लक दहा लाखांची. माल तोच, पैसे तेच, या वर्षीच्या नफ्यात तीन लाखांचा फरक.

"मग ते तीन लाख जातात कुठं?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, कुठंच जात नाहीत. उरलेला माल पुढच्या वर्षी त्याच भावानं विकला, तर पहिल्या पद्धतीत तेव्हा एकच लाख नफा दिसेल आणि सरासरीत चार. दोन वर्षांची बेरीज दोन्हीकडे आठच. चालू दुकानाला दीर्घ काळात फरक पडत नाही. फक्त नफा कुठल्या वर्षात बसतो ते बदलतं.

हे ऐकून मला हायसं वाटलं. वळून पाहिलं तर तो खिडकीबाहेर बघत होता. पुढच्या वर्षी तो भागीदार असणार नव्हता.

आमचा माल त्या उदाहरणाच्या पाचपट. म्हणजे फरक पंधरा लाखांचा, त्याच्या वाट्याचे साडेसात, कर वजा जाता पाच लाखांच्या आसपास. पण बाईंनी दुसरीही गोष्ट सांगितली. दोन्ही पद्धती मान्य आहेत, मात्र एकदा धरलेली पद्धत वर्षानुवर्षं तीच ठेवावी लागते. बदलायला धंद्यातलं सबळ कारण लागतं. एक भागीदार निघाला आणि त्याचा वाटा वाढतो, हे ते कारण होत नाही.

परतताना गाडीत तो पुढच्या लिलावाचं बोलला. मला वाटलं, पटलं.

आठवड्याभरानं आमच्या हमालांच्या मुकादमाचा सकाळीच फोन आला. शेठ, लवकर या, धाकलं शेठ काय करायलेत बघा. मी गेलो तर गोदामात खडूचा वास. आमच्याकडे नवी पोती पुढं रचतात आणि पुढचीच आधी ओढतात, त्यामुळे सात हजारांच्या खरेदीतली कित्येक पोती ढिगात ओतायची राहून मागं भिंतीला तशीच होती. त्यानं दोन हमालांना लावून ती सगळी पुढं आणली होती. प्रत्येक पोत्यावर त्यानं स्वतः खडूनं आकडा घातला होता, सात किंवा तेरा. हात कापत असल्यामुळे सात हा आकडा दोऱ्यासारखा लोंबत होता. हमाल तोंड फिरवून हसत होते. खरं सांगतो, पहिल्या क्षणी मलाही गंमत वाटली. या गोष्टीवर दहा लग्नांत टाळ्या घेता आल्या असत्या.

"आता जुनी आदी जातील," तो म्हणाला. "ढिगात न्हाई ओतायची. येगळीच पॉलिश करायची. मग बाई काय म्हंत्यात बघू."

मी त्याला पोत्यावर बसवलं आणि म्हटलं, वर्षभर आपण सगळं एकत्र ओतलंय, आता शेवटच्या महिन्यात पोती हलवून वर्षाचा हिशोब बदलत नाही. पुस्तकातली पद्धत पोत्यांच्या मागं धावत नाही. एवढ्या पैशासाठी तू हे करतोयस का? मी देतो माझ्या खिशातून. आत्ता चेक लिहितो.

त्यानं खडू खाली ठेवला.

"पैशाचं न्हाई रं," तो म्हणाला. "ती सात हजारांची खरेदी माजी हुती. तू चार दिस बोलला न्हाईस माज्याशी. हात चालू हुता तवाची ती शेवटची खरेदी. आता सरासरीत ती तुज्या तेरा हजारांत मिसळली. कुनाला दिसनार बी न्हाई."

जन्मभर बोलण्यावर जगलेला माणूस मी. सीएबाईंकडे पुन्हा एकदा गेलो, एकटाच. हात जोडले, गमती केल्या, त्यांच्या टेबलावर हळदीची पुडी ठेवली. त्यांनी पुडी घेतली आणि पद्धत बदलली नाही. त्यांचं बरोबर होतं. ज्या गोदामात सगळं एका ढिगात ओततात तिथं सरासरीच खरी.

एकतीस मार्चला त्यानं वाकड्या अक्षरात सही केली. वेगळा चेक मी पुढं सरकवला, तो त्यानं घेतला नाही. म्हणाला, "ताळेबंदात हाय तेवढंच." पेढे त्याच्या बायकोनं आणले होते. वहिनींनी मला दोन दिले, एक माझ्या बायकोसाठी. मग ते दोघं रहिमतपूरला गेले आणि दुकानावर एकच माणूस उरला, तोही कमी बोलायला लागला.

पुढच्या हंगामात भाव उतरले. शिल्लक पाचशे क्विंटल मी बारा हजारांनी विकली. सरासरीनं ती पुस्तकात दहा हजारांनी होती, म्हणजे दहा लाख नफा. बाईंनी अभिनंदन केलं. रात्री जेवताना मी मनात पुन्हा हिशोब मांडला. तेरानं घेतलेली माझी हळद बारानं गेली होती. खडूच्या आकड्यांनी हिशोब केला असता तर या वर्षी मला पाच लाख तोटा दिसला असता आणि त्याच्या शेवटच्या वर्षात पंधरा लाख नफा वाढला असता. हे दहा लाख नुसते त्याचे होते. त्याच्या नजरेनं माझी चूक झाकली होती आणि नाव माझं लागलं होतं.

रविवारी गाडी काढली. रहिमतपूरला तो ओसरीवर खुर्चीत बसला होता, मांडीवर हात बांधल्यासारखे. मी आल्या आल्या सगळं सांगितलं. हातवारे करून नाही, एकेक आकडा नीट. तुझीच खरेदी कमावून गेली, माझी बुडाली, म्हणालो. पाच लाखांचा चेक वहिनींपुढे ठेवला.

त्यानं फार लक्ष देऊन ऐकलं. डोळ्यात जुना भागीदार क्षणभर आला. मग त्यानं विचारलं,

"ह्ये बाईंनी कुटं लिवलंय?"

"कुठं लिहिणार? सरासरीत वेगळं लिहिता येत नाही."

"मग ऱ्हाऊ दे," तो म्हणाला आणि वहिनींना चेक परत द्यायची खूण केली.

चहा झाला. त्याला बशी धरता येत नव्हती, वहिनी पाजत होत्या. मी मुद्दाम यार्डातल्या गमती काढल्या, पंख्यावरून नव्या गुमास्त्याशी भांडतो ते सांगितलं. तो सौजन्यानं हसला, पाहुण्यापुढं हसतात तसं. निघताना त्यानं मला दारापर्यंत सोडलं नाही, सोडता येत नव्हतं. आतूनच म्हणाला, "सावकाश जावा."

एवढ्या वर्षांत त्यानं मला पहिल्यांदाच अहो-जाहो केलं होतं.