अखंड सेवेतली बंद चक्की

शामसुंदरराव भोयर भिलाईच्या कारखान्यात टाइम ऑफिसचे कारकून होते. पण घरीदारी त्यांची ओळख एकच, कामगार सहकारी भांडाराचे अध्यक्ष. भांडाराच्या वार्षिक अहवालात पहिल्या पानावर 'अध्यक्षांचे मनोगत' असायचं. त्यात स्वतःचं 'कुशल नेतृत्व' ते स्वतःच असं रंगवायचे, की वाचताना त्यांचेच डोळे पाणवायचे.

भांडारासाठी त्यांनी पिठाची चक्की आणली. तिचं तीनदा उद्घाटन झालं, तीन नारळ फुटले, वीज काही आली नाही. बायका दळण घेऊन दुर्गला जायच्या. यंदा चक्की फिरली नाही तर खुर्ची गेलीच म्हणून समजा.

तशात वीज खात्याकडून जोडणीचा अर्ज परत आला. अर्जाला मागचा अहवाल जोडलेला होता, आणि तिथल्या साहेबांनी तो खरंच वाचला होता! शेरा होता: 'चक्की अखंड सेवा देत असल्याचे अध्यक्षच लिहितात. सबब नव्या जोडणीची गरज दिसत नाही.'

"आता जे झालं तेच लिहा, भाऊ," चिटणीस नरहरी म्हणाला. "सभेनं अहवाल मंजूर केला का तोच नव्या अर्जाले जोडू."

"मंग त्यात मी कोठी राहीन?"

"'चक्की आणली, चालली नाही.' आणली कोनं? तुमीच न!"

'अहोरात्र' गेलं, 'दूरदृष्टी' गेली. एकेक शब्द खोडताना शामसुंदररावांना दाढ उपटल्यागत होत होतं. तरी खोडले बिचाऱ्यांनी.

सभेत त्यांनी वाचलं, "चक्की वर्षभर बंद होती. वीज नसताना मी तीनदा उद्घाटन केलं. मागच्या अहवालात ती चालू असल्याचं लिहिलं, ते खोटं होतं."

रोलिंग मिलचा तेजराम ताडकन उठला. "अध्यक्षाची बदनामी कोन करून राहिला? त्याचा निषेध करा!"

"अरे बाप्पा, मीच लिहिलं!"

"तुमच्यावर कोनं दबाव टाकला, भाऊ?"

निषेधाचा ठराव मताला जाणार, एवढ्यात सिंधुताई उभ्या राहिल्या. दर आठवड्याला दुर्गला दळण वाहणाऱ्यांपैकी एक. "पयल्यांदा खरं बोलला हा मानूस. आभार माना त्याचे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आजवर शामसुंदररावांची स्तुती त्यांच्याशिवाय कोणी केलीच नव्हती.

तेजरामला तर चेवच चढला. "लिहा! भाऊच्या कुशल नेतृत्वात चक्की अखंड चालून राहिली!"

सवयीने सगळ्यांनी हात वर केले. नरहरीने आभारांखाली तेही हताशपणे लिहून घेतलं; सभेचा ठरावही अर्जासोबत जायचा होता.

शामसुंदररावांनी ते वाक्य मनात एकदा, दोनदा म्हणून घेतलं. किती गोड होतं ते!

"खोडा ते," ते म्हणाले. "आभारही खोडा."

पुढच्या वर्षीचं मनोगत एका ओळीचं होतं: 'चक्की चालली.' वाचून ते सवयीने टाळ्यांसाठी थांबले. सभागृह निम्मं रिकामं होतं. सिंधुताई आणि बाकीच्या बायका दळणाच्या रांगेत होत्या.