फवारपात्याची भोकं

पवनानगरच्या आमच्या पाहुणघरात भांडी धुण्याच्या यंत्रातून निघालेल्या ताटांना भाताची शिते चिकटलेली राहू लागली, तेव्हा माझ्या मुलाने दोष मावशींवर ठेवला. मावशी आमच्या स्वयंपाकघराचे काम पाहतात. "यांना मशीन जमत नाही, आई. दुसरी बाई बघतो," असे तो त्यांच्यासमोरच म्हणाला. मी त्याला तिथेच अडवायला हवे होते.

मावशींनी पदर खोचला. "आधी मशीन उघडा, दादा. मंग मला काढा."

मुलाने यंत्रातले खालचे फवारपाते वर ओढताच ते सुटून त्याच्या हातात आले. हे पाते फिरते आणि त्याच्या भोकांतून पाणी भांड्यांवर उडते. मात्र बहुतेक भोके पांढऱ्या क्षाराने बुजलेली होती. आमचे बोअरचे पाणी जड आहे. ते मऊ करणारे खास मीठ यंत्राच्या टाकीत भरणे हे मुलाचे काम होते. भांड्यांना मीठ कशाला, म्हणून त्याने ते कधी भरलेच नव्हते.

आम्ही पाते कोमट पाण्यात व्हिनेगर घालून दोन तास भिजवले. सुईने भोक मोठे होईल, म्हणून मावशींनी खराट्याची हीर घेतली आणि एकेक भोक मोकळे केले. पाते हलवून त्यांनी आतला चुरा झाडला आणि ते नळाखाली धरले. प्रत्येक भोकातून धार उडाली.

पुढच्या फेरीत ताटे स्वच्छ निघाली. मुलगा काही बोलण्याआधीच मावशींनी त्याच्या हाती मिठाची पिशवी दिली.

"भरा. मी हितंच हाय."